हँडल गरगर फिरतं आणि धार थांबत नाही: स्पिंडल बदलण्याआधी आणि बदलताना

"काका, बाथरूममधला बादलीचा नळ सहा वर्षांचा आहे, पाव फेरीत उघड-बंद होणारा. दोनेक महिन्यांपासून बंद केला तरी ठिबकायचा, म्हणून आम्ही जोर लावून बंद करायचो. परवापासून हँडल नुसतं गोल फिरतंय आणि बारीक धार चालूच आहे. प्लंबर म्हणतो, अख्खा नळच बदला. फक्त स्पिंडल बदलून भागेल का? आणि घरच्या घरी जमेल का?"

बहुधा भागेल, आणि नट खोलायचे दोन पाने हाताशी असतील तर घरीही जमेल. सहा वर्षांत पितळी नळाचं अंग सहसा खराब होत नाही, झिजतो किंवा तुटतो तो आतला स्पिंडल, म्हणजे हँडलखालचा, पाणी उघड-बंद करणारा सुटा भाग. पण दुकानात जाण्याआधी हँडल काढून एक तपासणी करा, कारण हँडल गरगर फिरण्याची कारणं दोन-तीन आहेत आणि त्यातल्या एकात स्पिंडलला काहीच झालेलं नसतं.

आधी आत काय असतं ते सांगतो. पूर्वीच्या नळात रबरी वायसर असायचा. हँडल फिरवलं की स्पिंडल आट्यांवरून खाली जायचा आणि वायसर आतल्या बैठकीवर दाबला जायचा. वायसर झिजला की थोडं जास्त पिळायचं, पाणी थांबायचं. आपल्या सगळ्यांच्या हाताला लागलेली सवय त्या नळाची आहे. पाव फेरीच्या नळात दाबण्याचा प्रकारच नाही. त्यात एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन सिरॅमिक चकत्या असतात. खालची स्थिर, वरची फिरणारी, आणि दोन्हींना सारख्या आकाराची भोकं. भोकं समोरासमोर आली की पाणी वाहतं, वरची चकती पाव फेरी फिरली की भोकं झाकली जातात. पाणी अडतं ते चकत्यांचे पृष्ठभाग आरशासारखे सपाट असतात म्हणून, जोर लावल्यामुळे नव्हे. बंद झाल्यावर हँडल आणखी पिळलं तर चकती जास्त बंद होत नाही. तो सगळा जोर स्पिंडलमधल्या पितळी अडसरावर आणि चकती फिरवणाऱ्या जिभेवर जातो.

तुमच्या नळाचं ठिबकणं आणि आताचं गरगर फिरणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. पहिलीमुळे जोर लागला आणि जोरामुळे दुसरी झाली. म्हणून स्पिंडल बदलताना तो मुळात ठिबकायला का लागला होता हे शोधलं नाही, तर नवा स्पिंडलही त्याच वाटेने जाईल. त्याकडे पुढे येतो.

तपासणी अशी. हँडलच्या डोक्यावर एक छोटी टिकली असते, लाल-निळी किंवा नुसती चकचकीत. ब्लेडच्या टोकाने ती अलगद उचला, खाली स्क्रू दिसेल. टिकली नसेल तर हँडलच्या बाजूला किंवा खालून बारीक भोक पाहा, तिथे ॲलन कीने निघणारा छोटा स्क्रू असतो. स्क्रू काढण्याआधी खालच्या मोरीच्या जाळीवर फडकं टाका. तो स्क्रू जाळीत गेला की पुढचा तासभर शोधण्यातच जातो. स्क्रू निघाल्यावर हँडल सरळ वर ओढा. क्षाराने घट्ट बसलं असेल तर गरम पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं वीस मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग डावी-उजवीकडे हलवत ओढा. पेचकस घालून तरफेसारखं उचकटू नका. त्याने खालच्या कव्हरला पोचा येतो, नाहीतर स्पिंडल वाकतो.

आता स्पिंडलचं उघडं टोक दिसेल, दाते पाडलेलं. त्यावर जाड कापड गुंडाळा आणि पक्कडीने हलक्या हाताने फिरवा. स्पिंडल पाव फेरी फिरून दोन्ही टोकांना ठामपणे अडत असेल आणि पाणीही थांबत असेल, तर दोष हँडलचा. त्याच्या आतले दाते झिजलेत, किंवा वरचा स्क्रू नुसता सैल झाला होता. पुष्कळ हँडलांत आत प्लास्टिकची पुंगळी असते आणि तिचे दाते आधी जातात. अशा वेळी हँडल बदला, स्पिंडलला हात लावू नका.

स्पिंडल गोल गोल फिरतोय, पण प्रत्येक पाव फेरीला पाणी एकदा थांबतंय आणि एकदा वाहतंय, असं दिसलं तर आतला अडसर तुटलाय. आणि स्पिंडल फिरतोय पण धारेत काहीच फरक नाही, तर जीभ चकतीपासून सुटलीय किंवा तुटलीय. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला या तिसऱ्या प्रकाराची शंका येते. शेवटच्या दोन्हींत स्पिंडल बदलायचाच. तुटलेला अडसर चिकटवून किंवा डाग देऊन टिकत नाही, त्यात वेळ घालवू नका.

पाणी बंद करायचं तेव्हा बाथरूमचा मुख्य कॉक बंद करा, तो नसेल किंवा धरत नसेल तर गच्चीवर तुमच्या लाईनचा व्हॉल्व्ह. इमारतीत प्रेशर पंप असेल तर त्याचं बटणही बंद करा, नाहीतर लाईन उघडी दिसताच तो आपोआप सुरू होतो. नळ गरम पाण्याचा असेल तर गिझरची वीज बंद आणि त्याच्या आत जाणाऱ्या पाण्याचा कॉकही बंद. मग त्याच लाईनवरचा सगळ्यात खालचा दुसरा नळ उघडून पाईप रिकामा होऊ द्या. जुन्या गेट व्हॉल्व्हमधून थोडं पाणी येत राहतंच. बोटाएवढी धार नसेल तर त्याने काम अडत नाही.

यानंतर स्पिंडलभोवतीचं घुमटासारखं कव्हर काढा. ते बहुतेक वेळा हाताने फिरवून निघतं, निसटत असेल तर रबरी हातमोजा घाला. खाली स्पिंडलचा षटकोनी भाग दिसेल, पाना त्यालाच लावायचा. इथे मी नवख्या मुलांना नेहमी थांबवतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान याच क्षणी होतं.

तुमच्या नळाचा आकार नीट पाहा. काही नळांत स्पिंडल वरच्या बाजूला उभा असतो. काहींत तो तुमच्या समोर येतो, म्हणजे भिंतीतून आलेल्या पाईपच्या सरळ रेषेत. अँगल कॉकमध्येही तसाच असतो. या दुसऱ्या प्रकारात तुम्ही स्पिंडल सैल करायला पाना उलटा फिरवता आणि स्पिंडल क्षाराने घट्ट असेल, तर तो सुटण्याऐवजी अख्खा नळच भिंतीतून सुटू लागतो. नळ सुटला तर भिंतीतल्या आट्यांवरची टेप तुटते आणि पुन्हा घट्ट केला तरी भिंतीच्या आत झिरप सुरू होते, जी महिनाभराने पलीकडच्या खोलीच्या रंगावर दिसते. उभ्या स्पिंडलच्या नळात तोच जोर नळाला आडवा वाकवतो आणि भिंतीतल्या एल्बोवर, म्हणजे पाईपच्या वळणावरच्या जोडावर येतो. हल्लीच्या घरांत तो एल्बो सीपीव्हीसी या प्लास्टिकचा असतो, आत पितळी आटे बसवलेला, आणि त्याला तडा गेला तर टाईल्स फोडण्यावाचून इलाज नाही.

म्हणून एक पाना स्पिंडलच्या षटकोनाला आणि दुसरा नळाच्या अंगाला, हा नियम मी कधीच मोडत नाही. अंगावर सपाट कडा असतील तर तिथे स्लायडिंग पाना लागतो. अंग गोल आणि चकचकीत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन-तीन वेढे गुंडाळा आणि त्यावरून पाईप पाना धरा. पॉलिशला ओरखडा येत नाही आणि पकडही सुटत नाही. अंगाचा पाना नुसता स्थिर धरायचा, फिरवायचा फक्त स्पिंडलचा. षटकोनाला पक्कड लावू नका, तिने कोपरे गोल होतात आणि मग कोणताच पाना धरत नाही.

बेताच्या जोराने सुटला नाही तर जोर वाढवू नका. जोडावर व्हिनेगरचं फडकं अर्धा तास बांधा, मग उकळतं पाणी थोडं थोडं ओता. पितळ तापून प्रसरण पावतं, क्षाराची पकड ढिली होते. लगेच पान्याला एक छोटा झटका द्या. ज्योत लावायचा मोह होतो, पण मागे सीपीव्हीसी असेल तर ती मऊ पडते, म्हणून ज्योत नकोच. इतकं करूनही हलला नाही तर त्या दिवसापुरतं थांबा आणि माणूस बोलवा.

स्पिंडल बाहेर आला की तो घेऊनच दुकानात जा. "अर्ध्या इंची नळाचा स्पिंडल द्या" एवढं सांगून आणलेला निम्म्या वेळा परत जातो. शक्यतो त्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेचा मागा. तो नसेल तर चार गोष्टी जुळवा. पहिली, आटे: नवा स्पिंडल नळात हाताने सहज दोन-तीन फेऱ्या आत गेला पाहिजे. दुसरी, उंची: षटकोनापासून वरच्या टोकापर्यंतची. ती दोन-तीन मिलीमीटर कमी पडली तरी हँडल कव्हरला घासतं किंवा दात्यांवर पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेलं हँडल महिन्याभरात स्वतःचे दाते खातं. तिसरी, दात्यांची संख्या. बारीक दाते डोळ्यांनी मोजताना चुकतात. मी टोक आंघोळीच्या ओल्या साबणावर दाबतो, उमटलेल्या ठशात सुईने एक दात खुणावतो आणि तिथून मोजतो. जुना आणि नवा दोघांचे ठसे शेजारी घेतले की लगेच कळतं.

चौथी गोष्ट फिरण्याची दिशा, आणि तुमच्या बाबतीत ती नेमकी निसटेल, कारण अडसर किंवा जीभ तुटलेला स्पिंडल दिशा सांगत नाही. घरात त्याच प्रकारचा दुसरा नळ असेल तर तो कोणत्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो ते पाहून जा. वॉल मिक्सरमध्ये गरम आणि थंड बाजूचे स्पिंडल काही वेळा एकमेकांच्या उलट दिशेचे असतात, तेव्हा डावा-उजवा सांगून मागावा लागतो. दुकानातच नव्या स्पिंडलचं टोक फिरवा आणि खालून भोकांकडे पाहा, उजवीकडे फिरवल्यावर झाकली जातात की उघडतात ते दिसतं.

आता ठिबकण्याच्या मूळ कारणाकडे येतो. वाघोलीकडे एका सोसायटीत मला बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये बादलीच्या नळाचा स्पिंडल दोन महिन्यांत दोनदा बदलून झाला होता. प्रत्येक वेळी तीनेक आठवडे बरे जायचे, मग ठिबक सुरू. त्यांना वाटत होतं की दुकानदार खराब माल देतो. मी स्पिंडल काढला आणि तळाकडून टॉर्च मारला. वरच्या चकतीच्या भोकाची कड एका जागी टवका उडाल्यासारखी होती आणि खालच्या रबरी कड्यात वाळूचे तीन-चार कण रुतले होते. सिरॅमिक वाळूपेक्षा कठीण असतं, वाळू त्याला सहज घासून झिजवत नाही. पण भोक झाकलं जात असताना कण मध्ये अडकला आणि वरून हँडलवर जोर आला, तर कडेचा टवका निघतो. कधी टवका निघत नाही, कण नुसता चकत्यांना केसभर दूर ठेवतो, तेवढ्यानेही ठिबक होते.

काकूंना विचारलं, वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू भरतं का? म्हणाल्या, हो, तेही दोन महिन्यांपासून. मशीनच्या पाण्याच्या नळीला, जिथे ती मशीनला जोडतात तिथे, एक बारीक जाळी असते. ती काढली तर मातीने भरलेली. बेसिनच्या नळाच्या तोंडाची जाळीही तशीच. त्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकरचं पाणी येत होतं आणि गच्चीवरच्या टाकीतला गाळ ढवळला जाऊन लाईनमध्ये उतरला होता. दोन्ही वेळा स्पिंडल बदलणाऱ्याने लाईन न धुता नवा स्पिंडल आवळला, म्हणून पाईपमध्ये बसलेली वाळू पहिल्याच धारेबरोबर नव्या चकत्यांत गेली.

मी काय केलं ते जसंच्या तसं तुम्हीही करा. स्पिंडल काढलेला असताना नळाच्या उघड्या तोंडासमोर बादली धरायला सांगितली, तोंडावर जुना रुमाल सैल ठेवला आणि मुख्य कॉक दहा सेकंद अर्धवट उघडून बंद केला. रुमालात चिमूटभर वाळू आली. हेच पुन्हा करत गेलो, पाचव्या वेळी रुमाल स्वच्छ राहिला. इथे पाणी जोरात उडतं, म्हणून कॉक एकदम पूर्ण उघडू नका आणि कॉकपाशी दुसरं माणूस ठेवा. मग बोट घालून बैठकीवरून फिरवलं, जुन्या स्पिंडलच्या रबरी कड्याचा एक तुकडा तिथेच चिकटून राहिला होता. तो राहिला असता तर नवं कडं त्यावर वाकडं बसलं असतं. कापडाने पुसलं, नवा स्पिंडल बसवला, आणि सोसायटीला टाकी धुवून बाहेर जाणारा पाईप तळापासून चार बोटं वर घ्यायला सांगितलं, म्हणजे गाळ तळाशी राहतो. माझ्या माहितीत त्यानंतर तो स्पिंडल बदलावा लागला नाही.

तुमच्याकडेही बेसिनच्या नळाची जाळी आज उघडून पाहा. त्यात वाळू असेल तर कारण सापडलं. वाळू नसेल आणि पांढरे, खडूसारखे कण असतील तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार आहेत. ते चकतीवर थर धरतात, हँडल जड होतं आणि मग पुन्हा जोर लागतो. हँडल जड व्हायला लागलं की तेव्हाच स्पिंडल काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, पुष्कळदा नवा लागत नाही.

नवा स्पिंडल बसवताना त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. अनेक जण सवयीने गुंडाळतात. इथे पाणी आट्यांनी अडत नाही, ते तळाच्या रबरी कड्याने आणि वरच्या ओ-रिंगने अडतं. टेपमुळे स्पिंडल पूर्ण तळाशी बसत नाही आणि तिचे धागे सुटून चकत्यांत जातात. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावा. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, त्याने काही रबरं फुगतात.

स्पिंडल उघड्या अवस्थेत ठेवून बसवा. रबरी वायसरच्या नळात हे फार आवश्यक आहे, नाहीतर आवळताना वायसर बैठकीवर चिरडतो. सिरॅमिकमध्ये तितका फरक नाही, पण सवय एकच ठेवावी. आधी नुसत्या हाताने फिरवत तळापर्यंत न्या. दोन फेऱ्यांतच जड गेला तर आटे तिरके लागलेत, परत काढून सरळ लावा. हाताने बसल्यावर दोन पाने घेऊन साधारण पाव फेरी आवळा, फार तर थोडी जास्त. रबर दबल्याचं हाताला कळतं. त्यापुढे आवळल्याने गळती थांबत नाही, स्पिंडलचं अंग मात्र आवळलं जाऊन आतली चकती जड फिरू लागते.

मुख्य कॉक हळूहळू उघडा, नळ उघडा ठेवून. हवा आणि गढूळ पाणी जाऊ द्या, मग बोटांच्या जोराने नळ बंद करा. आता तीन जागा कोरड्या पुसून पाहा. स्पिंडल आणि अंगाच्या जोडातून पाणी आलं तर किंचित आवळायचं. स्पिंडलच्या दांड्याभोवती आलं तर ओ-रिंग खराब आहे, स्पिंडल परत करा. नळाच्या तोंडातून आलं तर घाई करू नका, लांब तोंडात उरलेलं पाणी काही मिनिटं थेंब-थेंब पडतं. तेवढा वेळ जाऊ द्या, मग खाली भांडं ठेवून एक तास मोजा. भांडं कोरडं राहिलं तर झालं. दोनशे मिलीलिटर जमलं तर दिवसाला जवळपास ५ लिटर जातंय, म्हणजे चकतीत कण आहे किंवा तळाचं कडं नीट बसलं नाही. नळ चार-पाच वेळा पूर्ण उघडून झटकन बंद केल्याने कण निघून जातो. तरी थांबलं नाही तर स्पिंडल परत काढून बैठक तपासा.

बैठकीला बोटाला लागण्याजोगी खाच असेल, किंवा आतलं पितळ पिवळं न राहता गुलाबी-तांबूस आणि खरवडल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर तुमच्या प्लंबरचं म्हणणं बरोबर आहे. पितळातलं जस्त निघून गेलंय आणि त्या अंगावर कोणताही स्पिंडल टिकणार नाही. अंगातले आटे गेले असतील तरीही तसंच. नाहीतर अख्खा नळ बदलायला भिंतीतला जोड उघडावा लागतो, आणि चालू असलेला जोड विनाकारण उघडणं मला पटत नाही.

सगळं कोरडं दिसलं की कव्हर लावा, नळ बंद स्थितीत ठेवून हँडल हव्या त्या दिशेला दात्यांवर बसवा आणि स्क्रू आवळा. हँडल तिरकं दिसलं तर एक-दोन दाते सरकवून पुन्हा बसवा, स्पिंडल फिरवू नका. आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः वायसरच्या नळाची सवय असलेल्या मोठ्या माणसांना, एकदा समोर उभं करून दाखवा की हा नळ दोन बोटांनी जिथे अडतो तिथेच बंद झालेला असतो. पुढे कधी तिथून ठिबकला तर पिळू नका, त्याच दिवशी बेसिनच्या नळाची जाळी उघडून पाहा.